पाढ्यांआधी मोजणी घेताना या चुका टाळा

चारचा पाढा खडाखडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच विचारा, "चार साती?" ते 'चार एके चार'पासून सुरुवात करत असेल, तर त्याला पाढा येतो, गुणाकार नाही. 'चार सक चोवीस' पाठ असूनही त्यात फक्त एक चार मिळवायचा आहे, हे त्याला सुचत नाही. चार-चारचे गट त्याने कधी हाताळलेलेच नसतात.

पहिली चूक म्हणजे मोजणी येतेच असं धरून चालणं. शंभरपर्यंत अंक म्हणता येणं वेगळं. सात मणी विखरून ठेवा, मोजून घ्या आणि मग विचारा, "किती झाले?" मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं, तर शेवटचा अंक म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. "पाच मणी दे" म्हटल्यावर न मोजता मूठभर देणारं मूलही त्याच टप्प्यावर असतं. इथे पाढा थांबवा.

दुसरी चूक जास्त महागात पडते आणि लक्षातही येत नाही: साधनं द्यायची, पण शेवटपर्यंत एकेक मोजू द्यायचं. तीन वाट्यांत चार-चार मणी ठेवले. मुलाने एक ते बारा मोजलं. उत्तर बरोबर, तास संपला. पण चारचा गट आलाच कुठे? आता पहिली वाटी झाका. "यात चार आहेत, पुढे मोज." पाच, सहा, सात, आठ. मग दुसरीही झाका आणि आठच्या पुढे मोजू द्या. काही मुलं झाकणावर चारदा बोट आपटून आतले मणी मोजतात. अशा वेळी रागावू नका. झाकण उघडून दाखवा, परत झाका, तरी जमेना तर दोन-दोनच्या गटांवर या. शेवटी तिन्ही वाट्या झाकलेल्या असताना मूल एकेका वाटीवर बोट ठेवून "चार, आठ, बारा" म्हणू लागलं, की पाढा सुरू करायला हरकत नाही.

फक्त वाट्यांवर थांबू नका. पुठ्ठ्यावर चार-चार बटणांच्या तीन ओळी चिकटवा आणि पुठ्ठा एक चतुर्थांश फिरवा: तीन-तीनच्या चार ओळी. 'चार त्रिक' आणि 'तीन चोक' दोन्ही बाराच का, हे वेगळं सांगावं लागत नाही आणि पाठांतराचं ओझंही जवळपास निम्मं होतं.

उलट टोकाची चूकही होते. सात नव्वे काढायला 63 मणी मांडले, तर मूल मोजण्यातच हरवतं. तिथे मणी नकोत. सात दाहे सत्तर, त्यातून एक सात काढला की 63, असं तोंडी करून घ्या आणि मग खुशाल घोकून घ्या.