‘काइंडली डू द नीडफुल’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’: परदेशी ग्राहकाला मेल लिहिताना या चुका टाळा

पुण्यातली आमची टीम ओहायोतल्या एका ग्राहकाचं पेमेंटचं काम बघायची. बँकेचं उत्तर यायला 30 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की व्यवहार मध्येच तुटायचा. म्हणून आम्ही वाट बघण्याची मुदत 90 सेकंद केली, गुरुवारी बदल चढवला आणि संध्याकाळी सात वाजता मेल टाकला: ‘टाइमआउट चेंज इज डन. काइंडली चेक अँड रिव्हर्ट बॅक टुडे इटसेल्फ.’ उन्हाळ्याचे दिवस होते, तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोन तासांत तिथल्या इंजिनिअरचं उत्तर आलं: ‘डन, रिव्हर्टेड.’

आम्ही खूश. त्याने तपासलं, कळवलं, काम संपलं. शुक्रवारी सकाळी मात्र व्यवहार तुटल्याच्या त्याच तक्रारी पुन्हा सुरू. आमच्या कोडमध्ये चूक सापडेना. शेवटी एकाने बदलांचा इतिहास उघडला, तर सगळ्यात वर ही ओळ:

```
Revert "Increase payment timeout to 90s"
```

त्या माणसाने `git revert` चालवून आमचा बदल काढून टाकला होता. आम्हीच सांगितलं होतं ना! आणि त्याचं ‘रिव्हर्टेड’ आम्ही ‘उत्तर दिलं’ असं वाचलं. एकाच शब्दाने दोन्ही बाजूंना चकवलं, आणि दोन्ही बाजू समाधानाने झोपायला गेल्या.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये सर्वसाधारण वाचकाला ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते, सोडलेली सवय परत लागली की माणूस ‘रिव्हर्ट’ होतो. ‘मला उत्तर द्या’ हा अर्थ त्यांच्या रोजच्या भाषेत नाही. ‘बॅक’ जोडल्याने आणखी एक खटका बसतो, कारण मागे जाणं त्या शब्दातच आहे. पण पुनरुक्ती हा किरकोळ भाग झाला. ‘बॅक’ काढून नुसतं ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं की चूक सुधारली असं अनेकांना वाटतं, आणि नेमका गोंधळ करणारा शब्द तसाच राहतो. कोड, सेटिंग, करारातली कलमं, किमतींचा तक्ता, म्हणजे जिथे काहीतरी बदललेलं आहे आणि ते मागे फिरवता येतं, तिथे हा शब्द धोक्याचा. सुट्टीच्या अर्जावर ‘रिव्हर्ट’ लिहिलंत तर वाचणारा क्षणभर थबकेल आणि समजून घेईल.

‘डू द नीडफुल’चं दुखणं वेगळं आहे. तो गैरसमज करत नाही, तो काहीच सांगत नाही. हा शब्दप्रयोग आपण जन्माला घातलेला नाही. इंग्लंडमधल्या जुन्या व्यापारी पत्रांत तो सर्रास होता. तिथे तो विसाव्या शतकात मागे पडला, आपल्या कचेऱ्यांत टिकला. टिकण्याचं एक कारण, माझ्या मते, आपल्या टेबलावरच आहे: ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.’ सरकारी फाइलवर ही ओळ चालते, कारण फाइल कोणत्या टेबलावर गेली की काय करायचं हे त्या टेबलाला ठाऊक असतं. लंडनमधल्या किंवा शिकागोतल्या वाचकाला तुमचं टेबल माहीत नाही. वयस्क ब्रिटिश वाचकाला आजोबांच्या पत्राची आठवण होईल, तरुण अमेरिकन वाचकाने तो शब्दप्रयोग ऐकलेलाच नसेल. परदेशी आयटी सपोर्टवाल्यांमध्ये तर त्याचा विनोद झालाय: काम आपल्या गळ्यात टाकून मोकळं होणाऱ्या मेलचं ते टोपणनाव.

ही चूक ओळखायची कशी? उत्तर ‘नेमकं काय करू?’ असं आलं, किंवा चार दिवस आलंच नाही, तर आपला मेल पुन्हा वाचा. दरवेळी ग्राहक आळशी नसतो.

आता ‘काइंडली’. आपण तो ‘कृपया’ म्हणून लिहितो, मनात नम्रता असते. इंग्रजी मायबोली असलेल्यांच्या कानाला मात्र तो बरेचदा सूचनाफलकासारखा, किंवा राग दाबून बोलणाऱ्या बाईंसारखा लागतो: ‘काइंडली कीप युअर व्हॉइस डाउन.’ शिवाय फसवणुकीच्या मेलमध्ये हा शब्द इतका दिसतो की अमेरिकेत बरेच जण त्याला सावध होतात. एकटा ‘काइंडली’ कुणाला घाबरवत नाही. पण मेलमध्ये बिल जोडलेलं आहे, बँक खातं नवीन आहे, ‘अर्जंट’ लिहिलंय आणि खाली ‘काइंडली डू द नीडफुल’, तर तिथल्या अकाउंट्सच्या माणसाने पैसे अडवून ठेवले तर त्याचं काय चुकलं? साधं ‘प्लीज’ पुरतं.

असाच एक मेल दुरुस्त करून बघू. मूळ मजकूर असा: ‘डिअर सर, प्लीज फाइंड अटॅच्ड द इन्व्हॉइस. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ऑन द सेम बाय ईओडी.’ वाचणाऱ्याला यातून कळत नाही की बिल मंजूर करायचं, पैसे पाठवायचे की नुसतं मिळाल्याचं सांगायचं. ‘द सेम’ म्हणजे बिल की ते ‘नीडफुल’, तेही नाही. आणि दिवस कुणाचा संपायचा? उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ होतात.

मी तो असा लिहीन: ‘इन्व्हॉइस 217 इज अटॅच्ड. प्लीज अप्रूव्ह इट बाय 14 मार्च, 5 पीएम न्यूयॉर्क टाइम, अँड रिप्लाय टू धिस ईमेल वन्स इट इज अप्रूव्ह्ड.’ महिन्याचं नाव अक्षरात, कारण 05/04 हा अमेरिकन माणसाला 4 मे दिसतो. समोरच्याचं नाव माहीत असेल तर ‘सर’ऐवजी नाव लिहावं. अनोळखी बाईला ‘डिअर सर’ गेल्याचे प्रकार मी पाहिलेत, त्याची आठवण काढावीशी वाटत नाही.

दुरुस्ती करतानाही एक खड्डा आहे. ओहायोच्या प्रकारानंतर आमच्या टीममध्ये ‘नीडफुल’वर बंदी आली. आठवड्याभरात सगळे ‘प्लीज टेक नेसेसरी अ‍ॅक्शन’ लिहायला लागले. शब्द गेला, दुखणं तिथेच. मग बंदी उठवून आम्ही एकच प्रश्न ठेवला: हा मेल वाचून माणूस पहिल्यांदा कुठे क्लिक करेल? लिहिणाऱ्याला सांगता आलं नाही तर मेल जायचा नाही. टाइमआउटचा तो मेल आज आम्ही असा लिहू: ‘वुई चेंज्ड द टाइमआउट टू 90 सेकंड्स. प्लीज रन वन टेस्ट पेमेंट अँड टेल अस इफ इट गोज थ्रू. प्लीज डू नॉट चेंज द कोड.’ शेवटचं वाक्य जरा जास्तच आहे, पण आमचं तोंड पोळलेलं आहे.

हे सगळं भारतातल्या मेलना लावत बसू नका. मुंबईतल्या बँकेला ‘रिव्हर्ट’ लिहिलंत तर उत्तरच येतं, आणि तिथे कुणाची इंग्रजी दुरुस्त करणं हा शुद्ध आगाऊपणा. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग इथेही हा शब्द ‘उत्तर द्या’ याच अर्थाने चालतो. जहाजांच्या दलालीत तर लंडनमध्येही. आमच्या सिंगापूरच्या ग्राहकीण बाई दर सोमवारी स्वतःच ‘प्लीज रिव्हर्ट बाय वेन्सडे’ लिहितात, आणि आमच्यातला तो ओहायोवाला मेल टाकणारा मुलगा अजून दरवेळी विचारतो, ‘उत्तरच हवंय ना यांना?’