डोक्यावर पडलेलं पोर घरी नेल्यावर: या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या कॅज्युअल्टीत एक दृश्य ठरलेलं. शेवाळलेल्या चिऱ्यावरून सटकलेलं किंवा गडग्यावरून उतरताना तोल गेलेलं पोर, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि मागे घरातली पाच माणसं एकाच वेळी बोलणारी. डॉक्टर तपासतात, चार-सहा तास नजरेसमोर ठेवतात, पोर बिस्कीट खाऊन खाटेवर उड्या मारायला लागलं की घरी सोडतात. हातात एक कागद देतात, आणि तो असतो इंग्रजीत.

मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षं सिस्टर आहे. त्या कागदाचं मराठी करून सांगणं हे माझंच काम होऊन बसलंय. नवीन मुली कागद हातात देतात, "सगळं लिहिलंय त्यात" म्हणतात आणि पुढचा पेशंट घेतात. मग रात्री अकराला फोन येतो: "सिस्टर, पोर झोपलंय. उठवू का?"

सगळ्यात मोठा घोळ याच प्रश्नात आहे. कागदावर लिहिलेलं असतं की मूल ड्राउझी झालं तर परत आणा. घरचे त्याचा अर्थ लावतात, झोप आली तर आणा. आता संध्याकाळभर रडून दमलेलं पाच वर्षांचं पोर साडेआठला झोपणार नाही तर काय करणार? मग एक तर घाबरून त्याला जागं ठेवतात, नाहीतर "झोपच आहे ती" म्हणून गुंगीकडे दुर्लक्ष करतात. दोन्ही मी पाहिलंय.

जागं ठेवण्याची एक आठवण सांगते. चार वर्षांची मुलगी पडवीतल्या झोपाळ्यावरून मागे पडली होती. तपासून, थांबवून, ठीक आहे म्हणून घरी सोडली. शेजारच्या कोणीतरी सांगितलं, डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही. झालं. रात्रभर तोंडावर पाणी मारलं, टीव्ही लावला, मोबाईल दिला, आळीपाळीने कडेवर घेऊन खळ्यात फिरवलं. पहाटे पाचला आमच्याकडे आणली तेव्हा मान टाकत होती, किरकिरत होती, दूध पाजलं ते ओकली. आता ही मार लागल्याची गुंगी की रात्रभर जागल्याची? डॉक्टरांनाही नुसतं बघून सांगता येईना. शेवटी एवढ्याशा पोरीला सीटी स्कॅनसाठी लांब पाठवावं लागलं. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तिला घरी चार तास झोप मिळाली असती तर ती वरातही टळली असती आणि तो किरणांचा डोसही.

म्हणून झोपू द्या. मात्र झोप आणि गुंगी यांतला फरक शिकून घ्या. झोपलेल्या मुलाला हलवलं, गालाला हात लावला, की ते चिडतं. हात झटकतं, कूस बदलतं, "आई, नको ना" म्हणतं, पाणी मागतं. तुमच्या पोराला मध्यरात्री उठवल्यावर ते कसं वागतं हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तसंच वागलं तर ती झोप. डोळे अर्धवट उघडून, "हूं" करून लगेच मिटले, हात झटकला नाही, पुन्हा पुन्हा हाक मारून तेवढंच, तर ती गुंगी. तिथे सकाळची वाट बघायची नाही.

किती वेळाने उठवायचं, हे तुमच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं असेल तसं करा. काही डॉक्टर, मूल दवाखान्यात पूर्ण ठीक दिसलं असेल तर मुद्दाम उठवायला सांगतही नाहीत. मी माझ्या नातवाच्या वेळी मध्यरात्रीपर्यंत दर दोन तासांनी आणि मग पहाटे तीनला एकदा उठवलं होतं. उठवायचं म्हणजे पूर्ण उठवायचं. दारातून डोकावून "श्वास चाललाय" असं बघणं म्हणजे तपासणी नव्हे.

दुसरी चूक उलटीची, आणि तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो.

मे महिन्यातली गोष्ट. चाकरमानी कुटुंब गावी आलेलं, सात वर्षांचा मुलगा. दुपारी साडेचारला गडग्यावरून पडला आणि उजव्या कानाच्या वरची बाजू चिऱ्याच्या कडेवर आपटली. लगेच रडला, बेशुद्ध झाला नाही, दहा मिनिटांत पुन्हा खेळायला गेला. म्हणून दवाखान्यात नेलाच नाही. साडेपाचला ओकला. दुपारी फणसाचे गरे खाल्ले होते, सगळ्यांनी दोष फणसाला दिला. साडेसातला डोकं दुखतं म्हणाला आणि पुन्हा ओकला. "उन्हाचा पित्त आसा" म्हणून कोकम सरबत पाजलं. सव्वाआठला झोपला. नऊला आईने हलवलं तर डोळे किलकिले करून परत मिटले. आईला ते बरं वाटलं नाही, पण आजोबा म्हणाले, "निजांदे तेका, खेळान दमलो." दहाला तो झोपेतच उशीवर ओकला, आणि ओकूनही जागा झाला नाही.

पावणेअकराला आमच्याकडे पोचले तेव्हा उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी दिसत होती. डॉक्टरांनी तिथल्या तिथे १०८ बोलावली. सीटीत कवटीचं हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्ताची गाठ निघाली आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. पोरगा वाचला, आता कॉलेजात आहे.

कानाच्या वरचं हाड कवटीत पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे तडा गेला की ती धमनी फाटू शकते. रक्त साठायला वेळ लागतो, आणि तोवर पोर अगदी चांगलं दिसतं. "पडल्यावर खेळत होता हो" हे वाक्य म्हणून मला पुरत नाही. कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयानक असतं, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. मला धास्ती वाटते ती कानाच्या वर किंवा मागे आलेल्या सुजेची. त्यातून मूल दोन वर्षांच्या आतलं असेल आणि सूज बोटाला मऊ, पाणी भरल्यासारखी लागत असेल, तर आणखीच.

उलटी झाली म्हणजे मेंदूला मार, असंही नाही. पडल्यावर पहिल्या काही तासांत एक-दोनदा ओकणारी पोरं पुष्कळ असतात, आणि त्यातली बहुतेक सुखरूप असतात. बघायचं ते असं की उलट्या थांबतायत की चालूच आहेत. वेगवेगळ्या वेळी तिसरी उलटी झाली की निघायचं. डोकेदुखी वाढत असताना किंवा पोर सुस्त असताना एक झाली तरी निघायचं. दिवसभर ठीक असून मध्येच सुरू झाली तरी तसंच. एकामागोमाग तीन उमाळे आले तर ती एकच उलटी धरा. म्हणून मी वेळ लिहायला सांगते. कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलने: पडला ४.३०, ओकला ५.३०, ओकला ७.३०. त्या आईने हे लिहिलं असतं तर फणसाचं नाव कोणी काढलं नसतं. आणि घरात पडलेलं उलटी थांबवायचं औषध स्वतःच्या मनाने पाजू नका. डॉक्टर देतात ते तपासून देतात. तुम्ही दिलंत तर आमची एक खूण पुसली जाते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होणं. एक्स-रेत हाड दिसतं, आतला रक्तस्राव दिसत नाही. याच्या उलट, येताक्षणी "सीटी कराच" म्हणून टेबल ठोकणारे वडील. प्रत्येक पोराला सीटी लागत नाही. चार-सहा तास नीट लक्ष ठेवणं हीसुद्धा तपासणीच आहे, आणि तिच्यात पोराच्या डोक्यावर किरण पडत नाहीत. तासाभरात "जाऊ का आता, एसटी चुकेल" म्हणणाऱ्यांना मी खुर्ची देते आणि गप्प बसते.

टेंगूळ चोळणं, त्यावर गरम शेक देणं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा, बस्स.

ताप-दुखीचं कुठलंही सिरप देणं. डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल, कागदावर लिहिलंय तेवढंच. बाटलीवरचा आकडा वाचा, कारण पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमची बाटली मिळते तशी २५० चीही मिळते, आणि चमचा तोच. आयबुप्रोफेन पहिले दोन दिवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, अ‍ॅस्पिरिन मुलांना नकोच. झोप आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध त्या रात्री तर मुळीच नको, नाहीतर वर लिहिलेलं झोप-गुंगीचं सगळं गणित बिघडेल. कागदावर एसओएस लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ गरज पडली तरच. तीन वेळा पाजा असा नव्हे.

बेशुद्ध पोराला कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं. दोन्ही बंद. मान न वळवता, डोकं आणि अंग एकत्र धरून कुशीवर करा आणि १०८ ला फोन लावा.

वर्षाच्या आतलं बाळ पलंगावरून पडलं आणि हसतंय म्हणून घरीच ठेवणं. त्याला दाखवायचंच. बाळ "डोकं दुखतंय" म्हणत नाही. ते दूध तोडतं, थांबवता न येणारं रडतं, टाळू फुगीर लागते.

उलटी आणि गुंगी नसतानाही परत यायची कारणं असतात: झटका आला, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती निळं पडलं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, एक हात-पाय लुळा वाटला, चालताना झोकांड्या गेल्या, बोलणं अडखळलं, पॅरासिटामॉल देऊनही डोकेदुखी वाढत गेली. पहिला दिवस सगळ्यात जपायचा, दुसऱ्या दिवशीही लक्ष हवं. मात्र यातलं काही चौथ्या दिवशी झालं तरी या, मुदत संपली म्हणून कोणी हाकलणार नाही.

आमच्या भागात आणखी एक हिशोब असतो, तो अंतराचा. सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन गावात नाही. सावंतवाडीकडची माणसं गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल गाठतात, बाकीची रत्नागिरी नाहीतर घाट चढून कोल्हापूर, आणि पावसात घाट कधी बंद होईल याचा नेम नाही. म्हणून संशय आला की "अर्धा तास बघू" यातला अर्धा तास सोडून द्यायचा. सोबत तो इंग्रजी कागद आणि वेळा लिहिलेलं कॅलेंडरचं पान घ्या. पोराला वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन करायचं ठरलं तर भूल देणारे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.