रात्री दीडला येणारा पाहुणा: फोनवर बुकिंग घेताना या चुका टाळा

फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलावा, हे रिसेप्शनवर पहिल्याच दिवशी शिकवतात. तो उचलल्यावर काय ऐकायचं हे मात्र फारसं कोणी शिकवत नाही, आणि काउंटरवरची बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात.

सुरुवात नुसत्या "हॅलो"ने करू नका. आपण बरोबर ठिकाणी फोन लावला का, हे समोरच्याला कळत नाही. आधी नमस्कार, मग हॉटेलचं नाव, मग स्वतःचं नाव: "नमस्कार, हॉटेल अमुक, रिसेप्शनवरून मी अमुक बोलतोय. काय मदत करू?" हे सावकाश म्हणा. दिवसभर तेच वाक्य बोलून हॉटेलचं नाव घाईत गिळलं जातं.

आता खरी चूक. समजा, फोनवर पाहुणा म्हणतो, "14 तारखेला रात्री दीडला पोहोचू, 15 ला सकाळी निघू." तुम्ही 14 ते 15, एक रात्र, असं लिहिता. हे बरोबर असू शकतं किंवा साफ चुकीचं. रात्री बारानंतर तारीख बदलते, पण बोलताना आपण ती रात्र आदल्या दिवसाचीच धरतो. पाहुण्याने तिकिटावरची तारीख वाचून सांगितली असेल, तर तो 13 संपून 14 लागते त्या रात्री दारात उभा राहणार. चेक-इन दुपारी दोनचं असेल, तर त्याची खोली तुमच्याकडे आणखी साडेबारा तासांनी सुरू होते.

म्हणून बारानंतरची वेळ ऐकली की विचाराच: "सर, म्हणजे 13 ची रात्र संपून 14 लागते तेव्हा, की 14 ची रात्र संपून 15 लागते तेव्हा?" पहिलं उत्तर आलं, तर खोली 13 पासून धरावी लागते आणि भाडं दोन रात्रींचं होतं. हेही फोनवरच सांगा: "खोली तुमच्यासाठी 13 च्या रात्रीपासून राखून ठेवावी लागेल, त्यामुळे 13 आणि 14 अशा दोन रात्री धरल्या जातील. चालेल ना?" बिलाच्या वेळी कळलं, तर पाहुण्याला ती फसवणूकच वाटते.

बुकिंगवर "पहाटे दीडला येणार" अशी नोंद करायलाही विसरू नका. नोंद नसेल, तर रात्रीचा हिशेब बंद करताना पाहुणा आलाच नाही असं समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

फोन ठेवण्याआधी सगळं परत वाचून दाखवा, वारासकट. तारीख आणि वार जुळले नाहीत, तर चूक तिथल्या तिथे सापडते. फोनवर "सात" आणि "साठ" सारखेच ऐकू येतात, म्हणून मोबाइल नंबर एकेक आकडा सुटा म्हणा. रेस्टॉरंटचं टेबल घेतानाही हेच: "शनिवार, 14 तारीख, संध्याकाळी साडेसात, सहा जण, त्यात दोन लहान मुलं. बरोबर?"

तरीही एखादा पाहुणा पहाटे दीडला समोर येतो आणि नाव सापडत नाही. अशा वेळी "सिस्टीममध्ये तुमचं बुकिंग नाही" हे पहिलं वाक्य अजिबात नको. थकून आलेल्या माणसाला ते खोटं ठरवल्यासारखं लागतं. "या सर, बसा. मी लगेच बघतो," म्हणा आणि मोबाइल नंबरावरून, नावाच्या वेगळ्या स्पेलिंगने, पुढच्या दिवसाच्या यादीत शोधा. बहुतेकदा ते तिथेच असतं.

सापडलं की स्पष्ट बोला: "बुकिंग 14 च्या दुपारपासून नोंदलं गेलंय. फोनवर आम्ही नीट विचारून घ्यायला हवं होतं, माफ करा. आत्ता काय करता येईल ते बघतो, पाच मिनिटांत सांगतो." "तेव्हा मी ड्युटीवर नव्हतो" किंवा "शांत व्हा" म्हणू नका. पहिल्याने जबाबदारी झटकल्यासारखं वाटतं, दुसऱ्याने राग वाढतो. पाच मिनिटं म्हणालात, तर उत्तर मिळालं नसलं तरी पाचव्या मिनिटाला जाऊन तसं सांगा.

खोली रिकामी असेल तर प्रश्न मिटला. हॉटेल भरलेलं असेल, तर ड्युटी मॅनेजरला उठवा. जवळच्या हॉटेलात सोय करणं, गाडी देणं, त्या रात्रीचा खर्च उचलणं, हे निर्णय त्यांचे. तुमच्या हातात नसलेली सवलत कबूल करू नका, पण पाहुण्याला स्वतः हॉटेलं शोधायलाही लावू नका. मॅनेजरला फोन करताना सगळी हकीकत तुम्हीच सांगा. पाहुण्याला ती पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली, की निवळलेला राग परत चढतो.