वॅटवरून कॅलरी काढताना या चुका टाळा

सायकलला पॉवर मीटर असला की कॅलरीचा आकडा बिनचूक, असं समजणं बरोबर नाही. मीटर मोजतो ते पॅडलवर झालेलं यांत्रिक काम. ते करताना शरीराने किती ऊर्जा जाळली, हे आपण त्यावरून काढतो आणि घोळ तिथेच होतो.

समजा, पुण्याहून सिंहगडाच्या दिशेने 2 तासांची राइड झाली आणि सरासरी पॉवर 160 वॅट आली. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. म्हणून 160 × 7200 = 11,52,000 ज्यूल, म्हणजेच 1152 किलोज्यूल. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं.

पुढची पायरी चुकते. एक किलोकॅलरी म्हणजे 4.184 किलोज्यूल, म्हणून 1152 ला 4.184 ने भागून 275 किलोकॅलरी काढतात आणि तिथेच थांबतात. दोन तास घाम गाळून 275? हा आकडा फक्त पॅडलपर्यंत पोचलेल्या ऊर्जेचा आहे. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पॅडलवर येते, उरलेली उष्णता होऊन जाते. या हिश्श्याला ग्रॉस एफिशियन्सी, म्हणजेच GE, म्हणतात आणि तिने भागल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही:

```
kcal = kJ ÷ (4.184 × GE)
```

GE 0.22 धरली तर 1152 ÷ 0.92 = सुमारे 1250 किलोकॅलरी. GE 0.24 च्या आसपास असली की 4.184 आणि GE यांचा गुणाकार जवळजवळ 1 होतो. म्हणूनच जुने सायकलपटू किलोज्यूलचा आकडा तसाच कॅलरी म्हणून घेतात. ती सोय चालण्यासारखी आहे, पण ती 24 टक्क्यांना खरी. 20 टक्के असेल तर त्याच राइडचे 1375 होतात.

अॅपचा आकडा तपासायचा असेल तर किलोकॅलरीला किलोज्यूलने भागा. उत्तर 1 ते 1.2 च्या दरम्यान हवं. 0.24 आलं तर एफिशियन्सी विसरली गेली आहे. दर राइडला हे गुणोत्तर बरंच वरखाली होत असेल, तर अॅप बहुधा वॅट सोडून हार्ट रेट किंवा वेगावरून कॅलरी काढतंय. सेटिंगमध्ये बघा.

आता सरासरीचा प्रश्न. नॉर्मलाइज्ड पॉवर इथे वापरायची नाही. वॅटमधल्या चढ-उतारांचा शरीरावर पडणारा ताण दाखवण्यासाठी ती मुद्दाम वाढवलेली असते. याच राइडची ती 190 वॅट आली, तर काम 1368 किलोज्यूल दिसेल आणि न केलेले 216 किलोज्यूल खात्यावर जमा होतील. कॅलरीसाठी साधी सरासरीच घ्या, तीही शून्यं धरून. घाट उतरताना पाय थांबलेले असतात, तेव्हा मीटर 0 दाखवतो. हेड युनिटमध्ये शून्यं वगळायची सेटिंग असेल आणि 2 तासांपैकी 24 मिनिटं पाय थांबले असतील, तर सरासरी 200 वॅट दिसेल. ती पूर्ण 7200 सेकंदांनी गुणली की 1440 किलोज्यूल होतात. चहाला थांबलेला अर्धा तास धरून, म्हणजे 9000 सेकंदांनी, 160 ला गुणलं तरी तेवढेच येतात. सरासरी ज्या वेळेवर काढली असेल, त्याच वेळेने गुणायचं. सोपा मार्ग म्हणजे फाइलमधला एकूण कामाचा किलोज्यूल आकडा थेट उचलणं.

आणखी एक चूक मात्र चांगल्या जाणकारांकडूनही होते. ग्रॉस एफिशियन्सीत विश्रांतीचा खर्च आधीच धरलेला असतो. 70 किलोच्या माणसाचा तो तासाला साधारण 70 किलोकॅलरी. दिवसभराच्या 24 तासांच्या विश्रांतीच्या खर्चात, म्हणजे बीएमआरमध्ये, हे 1250 सरळ मिळवले, तर ते दोन तास दोनदा मोजले जातात. म्हणून 140 वजा करून 1110 मिळवा.

एफिशियन्सी स्थिरही नसते. हलक्या राइडमध्ये विश्रांतीचा खर्च एकूण खर्चाचा मोठा भाग असतो, म्हणून 100 वॅटला ती कमी आणि 200 वॅटला जास्त निघते. लांब राइडच्या शेवटी ती थोडी घसरूही शकते. प्रयोगशाळेत श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून ती काढता येते, पण टिकवता येईल अशा स्थिर वेगात ती मोजणी हवी. धापा टाकत मारलेल्या स्प्रिंटवरून काढलेला आकडा निरुपयोगी असतो, कारण तिथे ऊर्जेचा मोठा भाग ऑक्सिजनशिवाय येतो आणि श्वासात दिसत नाही.

मीटरची स्वतःची चूकही बघा. राइडआधी सायकल बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग झीरो ऑफसेट करा. पॅडलवरच्या मीटरला क्रँकची लांबी द्यावी लागते. 170 मिलीमीटरऐवजी 172.5 टाकली तर वॅट दीड टक्का जास्त दिसतात. फक्त डाव्या पायाचा मीटर दुप्पट करून दाखवतो, तेव्हा डावा पाय 48 टक्केच काम करत असेल तर आकडा 4 टक्क्यांनी कमी येतो. पण एफिशियन्सी 20 की 24 यातलं अंतर जवळपास 20 टक्क्यांचं आहे. म्हणून मोजलेली GE हाताशी नसेल, तर 1252 असं लिहू नका, ‘1150 ते 1375’ लिहा आणि जेवणाच्या हिशोबात मधला आकडा घ्या.