‘एकच ट्रॅक्टर दोनदा दिसतोय’: पेजिनेशनमधल्या या चुका टाळा

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव सुरू झाला की एकेका गाडीचा भाव ठरत जातो आणि नोंदी पडत जातात. समजा, नाशिकमधली एखादी टीम या नोंदी मोबाईलवर दाखवणारं ॲप बनवतेय. नवी नोंद सगळ्यात वर, एका वेळी वीस, खाली सरकवलं की पुढच्या वीस. टेस्टिंगमध्ये सगळं झकास चालतं, कारण तिथे यादी बघता बघता कोणी नवी नोंद टाकत नसतं. मग ऐन हंगामात एखाद्या व्यापाऱ्याचा फोन येतो, "भाऊ, एकच ट्रॅक्टर यादीत दोनदा कसा?"

डुप्लिकेट ॲपमध्येच गाळून टाकणं

पहिला संशय ॲपवर जातो. कोणीतरी दोन ओळी लिहून आधी आलेले आयडी गाळून टाकतं, तक्रार थांबते आणि खरा बिघाड तसाच राहतो.

आकडे घेऊन बघू. यादीत 1000 ते 1 अशा नोंदी आहेत. पहिलं पान `LIMIT 20 OFFSET 0`, म्हणजे 1000 ते 981. व्यापारी ते वाचत असतानाच 1001, 1002, 1003 या तीन नोंदी पडल्या. आता `OFFSET 20` मागितलं तर डेटाबेस नव्या यादीतल्या वरच्या वीस नोंदी सोडतो आणि 983 पासून पुढे देतो. 983, 982, 981 पुन्हा आल्या. ऑफसेट म्हणजे ‘वरून इतक्या सोड’ एवढंच. तुम्ही कुठल्या नोंदीपर्यंत वाचलंत हे त्याला माहीतच नसतं.

उलटा प्रकार जास्त वाईट. पहिलं पान वाचून झालं आणि भाव न पटल्यामुळे 995 आणि 990 या नोंदी रद्द होऊन डिलीट झाल्या. बाकीच्या दोन घरं वर सरकल्या. दुसरं पान आता 978 पासून सुरू होतं. 980 आणि 979 कधी दिसल्याच नाहीत. दोनदा आलेली नोंद डोळ्यांना दिसते, म्हणून तिची तक्रार येते. गाळलेल्या नोंदीची तक्रार कोण करणार? ती रात्री हिशेब जुळत नाही तेव्हा कळते.

ओळखायची रीत सोपी आहे. एक स्क्रिप्ट सगळी पानं ओळीने वाचू दे, त्याच वेळी दुसरी स्क्रिप्ट नोंदी टाकू आणि काढू दे. वाचन सुरू होण्याआधी असलेली आणि संपल्यावरही शिल्लक असलेली प्रत्येक नोंद बरोबर एकदाच आली पाहिजे. वाचन चालू असताना पडलेल्या नव्या नोंदींचा आग्रह धरू नका. ऑफसेटऐवजी कर्सर, म्हणजे शेवटी वाचलेल्या नोंदीची खूण, वापरतानाही त्या वरच राहतात, यादी ताजी केल्यावर दिसतात.

मागच्या महिन्याची बंद झालेली यादी असेल आणि ऑफिसला ‘थेट सातवं पान’ हवं असेल, तर ऑफसेट खुशाल वापरा. कर्सरला तशी उडी मारता येत नाही. फक्त खोलवरच्या पानांना वेळ लागतो, कारण सोडायच्या ओळीही डेटाबेसला मोजत जावं लागतं.

कर्सरमध्ये नुसती वेळ ठेवणं

कर्सरचा अर्थ एवढाच की शेवटी वाचलेल्या नोंदीची खूण सोबत न्यायची आणि ‘हिच्यानंतरच्या दे’ म्हणायचं. वर कितीही नव्या नोंदी पडोत, खूण हलत नाही. बहुतेक जण खूण म्हणून `created_at` घेतात आणि `created_at < $1` लिहून मोकळे होतात. इथे फसगत होते.

आवारात नेट गेलं की नोंदी टॅबलेटवर साठतात आणि नेट आल्यावर एकदम चढतात. पोस्टग्रेसमध्ये `now()` ही वेळ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची असते. त्यामुळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चढलेल्या पस्तीस नोंदींची `created_at` अगदी तंतोतंत सारखी. वीस पहिल्या पानावर गेल्या, तर उरलेल्या पंधरा ‘त्या वेळेपेक्षा आधीच्या’ नाहीत, म्हणून कायमच्या गायब. म्हणून वेळेच्या जोडीला आयडी हवाच:

```sql
SELECT id, created_at::text AS vel, vahan, bhav
FROM lilav
WHERE (created_at, id) < ($1, $2)
ORDER BY created_at DESC, id DESC
LIMIT 20;
```

सोबत `(created_at, id)` वर इंडेक्स ठेवा. एसक्यूएल सर्व्हरसारख्या ठिकाणी अशी जोडीची तुलना चालत नाही, तिथे ती फोडून लिहावी लागते. फोडताना हमखास `created_at < $1 AND id < $2` असं लिहिलं जातं, आणि ते चूक आहे: वेळ जुनी पण आयडी मोठा अशी नोंद त्यात गळते. बरोबर रूप असं:

```sql
created_at < $1 OR (created_at = $1 AND id < $2)
```

वरच्या क्वेरीतलं `::text` हौसेखातर नाही. पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतो, जावास्क्रिप्टचा `Date` मिलिसेकंदावर थांबतो. शेवटच्या नोंदीची वेळ 10:42:07.318642 असेल, तर नोडमधून फिरून आलेला कर्सर 10:42:07.318 होतो. मग .318500 ला पडलेली नोंद कर्सरपेक्षा नवी ठरते आणि सुटते. एखाद-दुसरीच नोंद सुटत असेल, तीही गर्दीच्या वेळीच, तर आधी हेच तपासा. वेळ मजकूर म्हणून काढा आणि तशीच परत पाठवा.

बदलणाऱ्या रकान्यावर कर्सर लावणं

‘जास्त भाव वर’ अशी यादी मागितली की कर्सर `bhav` वर लागतो. तुम्ही 2000 रुपये क्विंटलपर्यंत वाचलंत आणि 1850 ची एक नोंद दुरुस्त होऊन 2150 झाली. ती तुमच्या खुणेच्या वर गेली, आता येणार नाही. उलट 2150 ची वाचलेली नोंद 1850 झाली तर दुसऱ्यांदा येईल. इथे कर्सरचा दोष नाही, यादीच हलतेय. भावाची यादी छोटी असते. एका दिवसाची एकदम पाठवा आणि क्रम फोनवर लावा. माझ्या मते पानं पाडण्याचा अट्टहास इथे नकोच.

आयडी चढता आहे म्हणून निर्धास्त राहणं

रात्रीच्या हिशेबासाठी दुसरी सिस्टिम ‘मागच्या आयडीनंतरचं सगळं’ ओढत असते. `id > $1`, याहून सोपं काय? पण आयडी नोंद टाकताना मिळतो आणि नोंद इतरांना दिसते ती कमिट झाल्यावर. 1040 चं ट्रान्झॅक्शन रेंगाळलं आणि 1041 आधी कमिट झालं, तेवढ्यात हिशेबाची सिस्टिम येऊन 1041 वर खूण करून गेली. 1040 मागाहून कमिट झाली, पण खूण पुढे गेलेली असते. अशी नोंद डेटाबेसमध्ये व्यवस्थित दिसते, हिशेबात मात्र नसते. तिची आणि शेजारच्या आयडीची लॉगमधली कमिटची वेळ बघितली की कारण उलगडतं.

यावर व्यवहारी उपाय म्हणजे प्रत्येक वेळी खूण थोडी मागे घेऊन शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी पुन्हा ओढायच्या आणि आयडी जुळला तर नवी ओळ न टाकता जुनीवरच लिहायचं. किती मिनिटं, ते तुमचं सगळ्यात लांबलेलं ट्रान्झॅक्शन ठरवेल. रद्द नोंदी डिलीट न करता त्यांना ‘रद्द’ अशी स्थिती द्या. हिशेबाच्या बाजूला आधीच पोचलेली नोंद डिलीट झाली, तर ते सांगायला कुठलाही कर्सर परत येत नाही. पण रद्द करणं नोंद पडल्यावर बऱ्याच वेळाने होत असेल, तर ती मिनिटं पुरणार नाहीत. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी रात्री एकदा पुन्हा ओढून स्थिती जुळवून घ्या.