सेलमधली खोडलेली किंमत: भेटवस्तू घेताना या चुका टाळा

मागच्या सणाला बहिणीसाठी हेडफोन घेतले. पाटीवर 2800 हा आकडा खोडलेला, खाली ठळक 1540, आणि शेजारी लाल अक्षरांत ‘45% सूट’. घेतले, छान कागदात गुंडाळून दिलेही. नंतर त्याच मॉडेलच्या किमतीचा आलेख पाहिला, तर जवळजवळ दोन महिने ते 1400 ला मिळत होते. सेलच्या पाच आठवडे आधी भाव 1900 झाला होता. 2800 ला ते विकल्याची एकही नोंद आलेखात नव्हती. म्हणजे 45% सूट घेऊन मी नेहमीच्या भावापेक्षा 140, म्हणजे 10% जास्त मोजले होते.

चूक पहिली: टक्के बघून ठरवणं

सूट किती टक्के, हे कोणत्या आकड्यावरून मोजलं त्यावर ठरतं, आणि तो आकडा बहुतेक वेळा विकणाराच निवडतो. खोडलेली किंमत कधी वेष्टनावर छापलेली असते, कधी उत्पादकाने ‘सुचवलेली’ असते, तर कधी खरोखर कालपर्यंतची असते. तिन्ही दिसतात सारख्याच. छापील किंमत वाढवून छापली की सेल नसतानाही वस्तू कायम ‘सवलतीत’च विकता येते. त्यामुळे टक्के बाजूला ठेवा आणि एकच विचारा: मागच्या तीन महिन्यांत ही वस्तू बहुतेक दिवस कितीला मिळत होती?

भेटवस्तूच्या बाबतीत आपण इथेच फसतो. घरचं तेल-साबण आपण दर महिन्याला घेतो, त्याचा भाव तोंडपाठ असतो. दुसऱ्यासाठी घेतलेलं अत्तर, घड्याळ किंवा खेळणं वर्षातून एकदाच घ्यायचं. नेहमीचा भाव माहीतच नसतो, म्हणून तुलनेला समोरचा खोडलेला आकडाच उरतो.

चूक दुसरी: फक्त महिन्याभराचा भाव तपासणं

युरोपीय संघात 2022 पासून नियम आहे की सूट जाहीर करताना दाखवलेली आधीची किंमत म्हणजे त्याआधीच्या किमान 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत हवी. 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की टक्केसुद्धा त्याच किमतीवरून काढायचे, नीचांक नुसता बारीक अक्षरांत छापून भागणार नाही. नियम चांगला आहे. पण माझ्या हेडफोनचा भाव पाच आठवडे आधीच चढवलेला होता, म्हणजे 30 दिवसांच्या खिडकीत सगळीकडे 1900 च दिसलं असतं आणि 1540 स्वस्तच वाटलं असतं. म्हणून निदान तीन महिने मागे जा.

किमतीचा इतिहास दाखवणारी संकेतस्थळं आणि ॲप्स आहेत. वस्तूच्या पानाचा दुवा तिथे चिकटवला की आलेख येतो. त्यात लांबवर सपाट जाणारी रेषा शोधा, तोच नेहमीचा भाव. एका दिवसाचा खड्डा किंवा सुळका धरू नका. सेलच्या तोंडावर रेषा पायरीसारखी वर चढून सेलच्या दिवशी खाली येत असेल, तर सूट त्या पायरीवरून मोजलेली आहे. मात्र हे आलेख कूपन आणि कार्डावरची सूट सहसा धरत नाहीत, आणि रंग किंवा विक्रेता बदलला तर रेषाही वेगळी असू शकते. आपल्याला हवा तोच प्रकार निवडलाय ना, ते बघून घ्या.

आलेख नसेल, किंवा दुकानात जाऊन घ्यायचं असेल, तर यादी दीड-दोन महिने आधी करा आणि प्रत्येक वस्तूच्या पाटीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. माझ्या मते याहून भरवशाचा उपाय नाही.

चूक तिसरी: गिफ्ट बॉक्सचं ‘एकूण मूल्य’ खरं मानणं

चार वस्तूंच्या बॉक्सवर ‘मूल्य 3000, आता फक्त 1500’ असं लिहिलेलं असतं. आतली प्रत्येक वस्तू सुटी कितीला मिळते ते बघा, आणि वजन किंवा मिलीलिटर जुळतंय का तेही. समजा सुट्या वस्तू 600, 450, 150 आणि 100 ला मिळाल्या, तर बेरीज 1300 होते. उरलेले 200 खोक्याचे आणि रिबिनीचे. खोकं सुंदर असेल आणि तुम्हाला ते हवं असेल तर जरूर घ्या, पण 200 जादा देतोय हे माहीत असू द्या.

बॉक्समध्ये अनेकदा लहान आकाराच्या बाटल्या असतात, आणि ‘मूल्य’ मात्र मोठ्या बाटलीच्या किमतीएवढं लावलेलं असू शकतं. अशा वेळी दर 100 मिलीलिटरचा भाव काढला की लगेच कळतं.

तुलनाच जमत नसेल तर

कधीकधी मॉडेल क्रमांक दुसरीकडे कुठेच सापडत नाही, किंवा शेवटी एखादं अक्षर वेगळं असतं. काही वस्तू खास सेलसाठी वेगळ्या क्रमांकाने काढतात आणि त्यांत एखादी सोय कमी असते. अशा वस्तूला मागचा भावच नसतो, म्हणजे तिची खोडलेली किंमत पडताळताच येत नाही. मग बॅटरी, वॉरंटी, साहित्य जवळच्या मॉडेलशी ताडून बघा आणि सूट शून्य आहे असं धरून, दाखवलेल्या किमतीला ती घेतली असती का, ते ठरवा. त्यात पोचवण्याचा आणि गिफ्ट पॅकिंगचा खर्चही धरा, कारण तो पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवरच दिसतो.