चष्म्यामुळे नाकाच्या उजव्या बाजूला पडलेला खड्डा: माझा अनुभव

बावीस वर्षं चष्मा आहे. गेल्या वर्षापासून नाकाच्या फक्त उजव्या बाजूला खोल, काळपट खाच पडायला लागली. कोरफड झाली, हळद-चंदन झालं, फोमच्या चिकटपट्ट्याही झाल्या; नाशिकच्या उन्हात त्या दुपारपर्यंत घामाने सुटायच्या. वैताग आला होता.

मग चष्मा काड्या उघडून काचेच्या टेबलावर उलटा ठेवला. एक काडी अधांतरी! म्हणजे दोष त्वचेचा नव्हताच. कॉलेज रोडवरच्या चष्मेवाल्या काकांनी आधी फ्रेम सरळ केली. मग काड्यांची टोकं गरम करून बाक बरोबर कानामागे आणला, कारण तिथे पकड ढिली असली की सगळं वजन नाकावर येतं. शेवटी मोठे सिलिकॉनचे पॅड बसवून त्यांचा कोन जुळवला.

चष्मा घालून दहा मिनिटांनी काढा आणि आरशात बघा: पॅडएवढा फिकट, लांबट गोल ठसा चालेल, बारीक रेघ उमटली तर पॅडची कड रुततेय, परत जा.

आता रोज रात्री पॅड साबणाने धुतो. क्रीमही रात्रीच, सकाळी लावलं की चष्मा घसरतो. खड्डा महिन्याभरात भरला, काळा डाग मात्र हळूहळू जातोय. तिथे न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा.